चहा सोडू नका, सरकवा: भाकरी-उसळीतलं लोह अंगी लागण्याबद्दल

प्रश्न: "वय ३४, वजन ४८ किलो, राहणार विटा. हिमोग्लोबिन ९.८ आणि फेरिटिन ७ आलंय. तीन महिने रोज पालक, बीट, गूळ-शेंगदाणे खातेय. लोहाची गोळी आणि कॅल्शियमची गोळी दुपारी जेवण झालं की दुधाबरोबर एकदमच घेते. तरी आकडा जागचा हलला नाही. चहा दिवसातून चार वेळा होतो, त्यातला एक जेवणावर लगेच. मटण महिन्यातून एखाद वेळी. सगळे म्हणतात चहा बंद कर. खरंच सोडावा लागेल का?"

ताई, चहा सोडू नका. जेवणावरचा तो एक कप मात्र तिथून सरकवा. पण तुमच्या बाबतीत चहा दुसऱ्या नंबरचा गुन्हेगार आहे. पहिला नंबर त्या दुधाच्या पेल्याचा. लोहाची गोळी, कॅल्शियमची गोळी, दूध आणि वरून चहा, हे सगळं अर्ध्या तासात एकाच पोटात गेलं तर गोळीतलं लोह अंगी लागायला जागाच उरत नाही. तीन महिने तुम्ही गोळी घेतलीत, पण शरीराच्या हिशेबात ती फार थोडी पोचली.

मी सांगलीत आहारतज्ज्ञ म्हणून अठरा वर्षं काम करते. माझ्याकडे येणाऱ्या बायकांपैकी बहुतेक जणी तुमच्यासारख्याच: घरात भाकरी-उसळ, पालेभाजी, डाळ, सगळं व्यवस्थित. ताटात लोह कमी आहे असं क्वचितच दिसतं. ते पोटात जातं आणि तसंच बाहेर पडतं, ही खरी अडचण.

मटण-मासळीतलं लोह आतड्यात वेगळ्या वाटेनं शिरतं. त्याला चहा-बिहाची फारशी फिकीर नसते आणि त्यातलं साधारण १५ ते ३५ टक्के अंगी लागतं. धान्य, डाळी, पालेभाज्यांतलं लोह दुसऱ्या प्रकारचं. ते शोषलं जाण्याआधी पोटात नीट विरघळावं लागतं, आणि विरघळलं की त्याला धरून बसणारे बरेच जण तिथे हजर असतात. ज्वारी-बाजरी-गव्हाच्या कोंड्यात आणि डाळींच्या दाण्यात फायटेट असतं, चहात टॅनिन असतं. त्यांनी लोहाला एकदा मिठी मारली की आतडं ते सोडवू शकत नाही. म्हणून या लोहातलं कधी २ टक्के अंगी लागतं, कधी १०, फार झालं तर त्याहून थोडं जास्त. एवढा फरक कशानं पडतो? त्याच घासाबरोबर दुसरं काय होतं, यानं. आणि तुमच्या अंगात आधी किती साठा आहे, यानंही. फेरिटिन ७ म्हणजे साठ्याची कणगी रिकामी. अशा वेळी शरीर आतड्याचा दरवाजा स्वतःहून उघडा ठेवतं, त्यामुळे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त लोह शोषता येतं. फक्त ते दारापर्यंत मोकळं पोचलं पाहिजे.

एक डबा सांगते, म्हणजे नीट कळेल.

तासगावकडच्या एक शिक्षिका, वय ४१, हिमोग्लोबिन १०.४, फेरिटिन ९. मी नेहमी सांगते की पहिल्या भेटीला येताना त्या दिवशीचा डबा घेऊन या. खाल्लेलं लिहून आणा म्हटलं की लोक खायला हवं ते लिहितात. बाईंनी टेबलावर स्टीलचा तीन पुडांचा डबा उघडला. खालच्या पुडात ज्वारीच्या दोन भाकऱ्या, मधल्यात मोड आलेल्या मटकीची उसळ, वरच्यात कांद्याच्या फोडी, शेंगदाण्याची चटणी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. मी म्हटलं, "डबा उत्तम आहे. याच्यानंतर काय?" त्या म्हणाल्या, "नंतर काही नाही. दीडला शिपाई स्टाफरूममध्ये चहा आणतो तेवढाच."

आता हिशेब. दोन भाकऱ्यांना धरून १०० ग्रॅम पीठ, त्यात साधारण ४ मिलिग्रॅम लोह. उसळीत कोरडी मटकी ३० ग्रॅम, तिचं २ ते अडीच मिलिग्रॅम. म्हणजे डब्यात सहा-साडेसहा मिलिग्रॅम लोह आहे. एका जेवणासाठी हे चांगलंच आहे. यातलं ५ टक्के अंगी लागलं तर ०.३ मिलिग्रॅम. वर लगेच चहा पडला आणि ते २ टक्क्यांवर आलं तर ०.१३. त्याऐवजी त्याच डब्यात अर्धा पेरू असेल आणि शोषण १० टक्क्यांपर्यंत गेलं तर ०.६५. टक्केवारी मी हिशेबापुरती धरली आहे, प्रत्येकीची वेगळी निघेल. पण दिशा खरी आहे: भाकरी तीच, मटकी तीच, आणि अंगी लागणारं लोह पाचपट इकडेतिकडे होऊ शकतं. पालक-बीट वाढवून हा फरक कधीच पडणार नाही. बीटचा रंग रक्तासारखा आहे म्हणून त्याचा एवढा मान. १०० ग्रॅम बीटात लोह १ मिलिग्रॅमही नसतं. त्याहून तुमची बाजरीची भाकरी कितीतरी श्रीमंत.

आता चहा.

जेवणाबरोबर काळा चहा घेतला तर त्या जेवणातल्या वनस्पतीजन्य लोहाचं शोषण निम्म्याहून खाली येतं. वेगवेगळ्या अभ्यासांत ६० टक्क्यांपासून ९० टक्क्यांपर्यंत घट दिसली आहे. चहा किती कडक, जेवण कोणतं, यावर ते ठरतं. "आमचा तर दुधाचा चहा असतो" असं म्हणून सुटका नाही. दूध घातल्यानं टॅनिनचा लोहावरचा परिणाम फारसा कमी होत नाही, हे तपासून झालंय. ग्रीन टी घेतलात तरी तेच, कॉफी थोडी सौम्य पण त्याच वाटेची.

हल्ली रस्त्यात दर अर्ध्या किलोमीटरवर गुळाच्या चहाची पाटी दिसते आणि "लोहयुक्त" म्हणून तो विकला जातो, त्याबद्दल एक बोलून घेते. कपात १० ग्रॅम गूळ पडला तर त्यात फार तर अर्धा मिलिग्रॅम लोह. तेही ज्या चहात विरघळतंय त्याच चहाचं टॅनिन त्याला तिथल्या तिथे बांधून टाकतं. चवीसाठी प्या. औषध म्हणून पिऊ नका.

वेळेचा मुद्दा मात्र तुमच्या कामाचा आहे. कॉफीवर झालेल्या एका जुन्या प्रयोगात असं दिसलं की जेवणाच्या तासभर आधी घेतलेल्या कॉफीनं शोषणावर काही परिणाम झाला नाही, पण जेवणानंतर तासाभरानं घेतलेल्या कॉफीनं जेवणाबरोबर घेतल्याइतकाच फटका दिला. कारण उघड आहे, भाकरी तासाभरात पोटातून पुढे सरकत नाही. चहावरच्या नंतरच्या एका प्रयोगात तासभर थांबल्यावर नुकसान साधारण निम्मं झालं. या दोन्हींवरून मी माझ्या पेशंटना सांगते: जेवणाआधी तासभर पुरे, जेवणानंतर दोन तास. त्यामुळे सकाळी उठल्या उठल्या घेतलेला, ज्याला आपण वाईट समजतो तो रिकाम्या पोटीचा चहा, लोहाच्या बाबतीत सगळ्यात निरुपद्रवी. नाष्टा तासाभरानं केलात की झालं. (ॲसिडिटी होत असेल तर तो वेगळा विषय.) सगळ्यात महाग पडतो तो जेवणावरचा, "जरा अंगात तरतरी यावी" म्हणून घेतलेला अर्धा कप.

आता लोहाच्या बाजूनं लढणारा गडी, व्हिटॅमिन सी. ते लोहाला विरघळलेल्या अवस्थेत धरून ठेवतं आणि फायटेटच्या, काही प्रमाणात टॅनिनच्याही, हातून सोडवतं. एका जेवणात ५० मिलिग्रॅमच्या आसपास मिळालं की शोषण साधारण दुप्पट होताना दिसतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं किशोरवयीन मुलांवर भाताच्या जेवणाबरोबर पेरू देऊन हे तपासलं होतं, त्यातही वाढ दुपटीच्या घरात होती.

पण इथेच माझी एक चूक झाली होती. त्या शिक्षिकेला मी पहिल्या भेटीत सांगितलं, "उसळीत लिंबू पिळत जा." महिन्यानं त्या आल्या, "मॅडम, रोज पिळते." कधी पिळता? सकाळी सहाला, उसळ शिजताना कढईत. जेवण एकला. व्हिटॅमिन सी उष्णतेनं जातं, हवेनं जातं, नुसतं ठेवल्यानं जातं. सात तासांनी त्या उसळीत लिंबाची चव होती, बाकी काही नव्हतं. पिळायचं कधी हे मी सांगितलं नव्हतं, त्यामुळे दोष माझाच. शिवाय लिंबाबद्दल आपला अंदाज फार मोठा असतो. अर्ध्या लिंबाच्या रसात जेमतेम ८-१० मिलिग्रॅम मिळतं. ताटात वरून पिळलेलं लिंबू उपयोगी आहेच, पण एकट्या लिंबावर दुप्पट शोषणाची आशा धरू नका.

पेरू मात्र या कामातला राजा. १०० ग्रॅम पेरूत २०० मिलिग्रॅमच्या पुढे, म्हणजे छोट्या पेरूचा अर्धा तुकडाही पुरतो. आवळा तितकाच दमदार. एक आवळा चिरून मीठ लावून जेवणात घ्या. मोरावळ्यावर मी भिस्त ठेवत नाही, शिजवलेला आणि साठवलेला असतो. कोबीची कच्ची कोशिंबीर वर्षभर मिळते, मोठी वाटी असेल तर २०-३० मिलिग्रॅम सहज देते, आणि वरून लिंबू पिळलं की ५० च्या जवळ जातो. उन्हाळ्यात पेरू नसतो तेव्हा मी कच्ची ढोबळी मिरची सांगते, किंवा कैरी-कांद्याची कोशिंबीर, तीही कच्चीच. आपल्याकडची द्राक्षं आणि बेदाणे यांचा या कामात उपयोग नाही. द्राक्षात व्हिटॅमिन सी थोडं आणि वाळवल्यावर तेही उरत नाही. लोणच्यातलं लिंबूही तसंच.

आणि फळ त्याच जेवणात हवं. सकाळी दहाला खाल्लेला पेरू दुपारच्या भाकरीला मदत करत नाही. लोक फळ "मधल्या वेळेत" खायची सवय लावून घेतात, इतर कशासाठी ती चांगली असेल, लोहासाठी मात्र पेरू ताटात डावीकडे, मिठाशेजारी हवा.

एक प्रामाणिक कबुली. हे दुप्पट-तिप्पटीचे आकडे एकेका जेवणावरच्या प्रयोगांतले आहेत. माणसाच्या रोजच्या पूर्ण आहारावर, आठवड्यांच्या हिशेबानं मोजलं तर चहाचा, कॅल्शियमचा आणि व्हिटॅमिन सीचाही परिणाम बराच मवाळ निघतो. दिवसभरात तीन वेळा, वेगवेगळं खाणं असतं, ते एकमेकांना सावरून घेतं. पण ज्यांचं जेवण एकसुरी आहे, रोज भाकरी-उसळ-डाळ आणि रोज वर चहा, त्यांच्याकडे सावरून घ्यायला दुसरं काही नसतं. तुमचं वर्णन वाचून तुम्ही या गटात वाटता.

कॅल्शियमचं थोडं निराळं आहे. ते मटणातल्या आणि भाकरीतल्या, दोन्ही प्रकारच्या लोहाला अडवतं, पण किती, हे मात्रेवर ठरतं. जेवणात ४० मिलिग्रॅमच्या आसपास असेल तर फरक पडत नाही. ३०० च्या पुढे गेलं की त्या जेवणातलं शोषण निम्म्यापर्यंत येऊ शकतं. म्हणजे पातळ ताकाच्या वाटीला घाबरू नका. घट्ट दह्याचा मोठा वाडगा किंवा म्हशीच्या दुधाचा पेला मात्र भाकरी-उसळीच्या जेवणातून काढून दुसरीकडे न्या. गोळीत तर बहुधा ५०० मिलिग्रॅम एका दमात असतं, म्हणून ती आणि लोहाची गोळी एका वेळी कधीच नको, मध्ये किमान दोन तास ठेवा. गरोदर बायकांना सरकारी दवाखान्यातून या दोन्ही गोळ्या मिळतात, तिथेही त्या वेगवेगळ्या वेळी घ्यायला सांगतात ते याचसाठी.

मग कॅल्शियमची गोळी घ्यायची कधी? माझी युक्ती अशी: दिवसात एक खाणं तसंही लोहाच्या दृष्टीनं बिघडलेलं असतं. आपल्याकडे ते सकाळचं, चहा-चपाती किंवा चहा-पोहे. त्या खाण्यातून लोहाची अपेक्षा सोडून द्या आणि कॅल्शियमची गोळी तिथे टाका. कॅल्शियम कार्बोनेट असेल तर ते पोटात अन्न असतानाच चांगलं विरघळतं, त्यामुळे तिचीही सोय होते. चहा, दूध, कॅल्शियम असे सगळे अडथळे एका खाण्यात गोळा करायचे आणि दुपारचं जेवण मोकळं ठेवायचं. तिन्ही वेळा सुधारायला गेलेली बाई पंधरा दिवसांत कंटाळते. एकच जेवण सांभाळायला सांगितलं तर वर्षभर करते.

नाचणीबद्दल विचाराल म्हणून सांगते. नाचणीत कॅल्शियम भरपूर आणि सालीत टॅनिनही. हाडांसाठी छान, लोहासाठी नाही. नाचणीचं सत्त्व दुधात घेताय तर ते लोह वाढवायला घेतेय असं समजू नका. अंड्याचंही असंच, त्यातलं लोह बलकात पक्कं बांधलेलं असतं. मटण मात्र उसळीच्याच जेवणात खाल्लं तर उसळीतल्या लोहालाही हात देतं, पण महिन्यातून एकदा म्हणजे हिशेबात धरण्याजोगं नाही.

मोड आणणं, आंबवणं यानं फायटेट कमी होतं. मटकी रात्रभर भिजवून फडक्यात बांधून मोड काढता तेव्हा धान्य स्वतःच आपलं फायटेट तोडायला लागतं. आंबिल, आंबवलेल्या पिठाचे पदार्थ यांतही तेच. लोखंडी कढईत आमसूल किंवा टोमॅटो घातलेली आमटी शिजवली तर कढईतलं लोह थोडं उतरतं. भाकरीच्या तव्यातून ते फारसं येत नाही, कोरडा आणि क्षणभराचा संबंध.

आता जे ऐकायला आवडणार नाही ते. हे सगळं केलंत तरी ९.८ वरून नुसत्या खाण्यानं वर येणं तुमच्यासाठी व्यवहार्य नाही. पाटीवर मांडून बघा. ४८ किलोच्या बाईच्या अंगात साधारण ३.१ लिटर रक्त. हिमोग्लोबिन ९.८ वरून १२.५ ला न्यायचं म्हणजे दर १०० मिलिलिटरला २.७ ग्रॅमची भर, एकूण ८४ ग्रॅम हिमोग्लोबिन. एका ग्रॅममध्ये ३.४ मिलिग्रॅम लोह असतं, म्हणजे सुमारे २८५ मिलिग्रॅम लोह लागणार. वर रिकामी कणगी भरायला आणखी ३०० तरी. सुधारलेल्या ताटातून रोजच्या गरजेच्या वर अर्धा मिलिग्रॅम जास्तीचं मिळालं तर ६०० मिलिग्रॅमला किती दिवस? १२००. सव्वातीन वर्षं. गोळीतून त्याच्या कितीतरी पट रोज मिळतं, म्हणून तेच काम काही महिन्यांत होतं. मी वाक्य ठरवून टाकलंय: कणगी गोळीनं भरायची, ताटानं राखायची.

त्या शिक्षिकेचंही तसंच झालं. डॉक्टरांनी गोळी चालू ठेवली, आम्ही दुपारचा चहा साडेतीनच्या छोट्या सुट्टीत नेला, डब्यात पेरू आला. चार महिन्यांनी हिमोग्लोबिन १२.१, फेरिटिन २४. याचं श्रेय मी गोळीलाच देते. पण पुढे गोळी थांबली आणि वर्षानं फेरिटिन तपासलं तर ते पडलं नव्हतं, ३१ होतं. हे मात्र ताटाचं काम. एक गोष्ट अजून सापडली होती: त्या दीड वर्षापासून रोज सकाळी ॲसिडिटीची गोळी घेत होत्या, दुकानातून परस्पर आणून. पोटातलं आम्ल कमी झालं की वनस्पतीतलं लोह विरघळतच नाही. पित्तावर तुम्ही पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल असं काही रोज घेत असाल तर डॉक्टरांना सांगा, मनानं बंद करू नका, पण ती अजून लागते का हे विचारा.

तर तुमचा दिवस मी असा लावेन. सहाला उठल्यावर चहा. सात-साडेसातला नाष्टा, त्याबरोबर दुसरा चहा हवा तर घ्या, दूध घ्या, कॅल्शियमची गोळी इथेच. त्यानंतर अकरा-साडेअकरापर्यंत चहा आटोपून घ्या आणि एक-दीडच्या जेवणाला भाकरी, मोडाची उसळ किंवा डाळ, आणि पेरू, आवळा किंवा कोबीची कोशिंबीर. दूध-दही तिथून बाहेर. पुढचा चहा साडेतीन-चारला, तो घेतानाही संध्याकाळी काही खाणार असाल तर त्याच्याबरोबर चालेल. रात्री आठला जेवलात तर साडेदहाला झोपताना लोहाची गोळी, साध्या पाण्याबरोबर. गोळीनं मळमळ झाली तर दोन घास कोरडी भाकरी खाऊन घ्या, दूध नको. शौचाला काळं होईल, ते गोळीमुळे असतं.

गोळी रोज की दिवसाआड, हे डॉक्टरांना विचारा. मोठी मात्रा घेतल्यावर शरीर हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढवून पुढचे २४ तास आतड्याचं दार लोटून घेतं. त्यामुळे दिवसाआड घेतलं तर प्रत्येक गोळीतलं जास्त अंगी लागतं आणि पोटालाही कमी त्रास होतो, असं लोहाची कमतरता असलेल्या तरुण बायकांवरच्या प्रयोगांत दिसलंय. रोजची दोन वेळा करून घाई करण्यात तर फायदा दिसत नाही.

आणि गळती. टाकीत पाणी भरत बसलो आणि खाली नळ उघडा असेल तर काय उपयोग? पाळीत ८० मिलिलिटर रक्त गेलं, तर तुमच्या हिमोग्लोबिनच्या हिशेबानं २७ मिलिग्रॅमच्या आसपास लोह गेलं, म्हणजे दिवसाला ०.९. तुमच्या अख्ख्या दुपारच्या जेवणातून पेरू खाऊनही तेवढं येत नाही. पॅड दोन तासांतच भिजतंय, गाठी पडतात, रात्री उठून बदलावं लागतं, पाळी सात दिवसांच्या वर जाते, यातलं काही असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. मूळव्याधीचं रक्त बायका सांगत नाहीत, ते सांगा. शेतात अनवाणी काम असेल आणि जंताचं औषध कधी घेतलं ते आठवत नसेल तर तेही.

गोळी नीट वेळेवर सुरू केल्यापासून चार आठवड्यांनी हिमोग्लोबिन तपासा. निदान एक ग्रॅमनं वाढलं पाहिजे. वाढलं तर १२ च्या वर गेल्यावरही साधारण तीन महिने गोळी चालू राहते, कारण आकडा आधी सुधारतो आणि कणगी नंतर भरते. बहुतेक जणी इथेच गोळी सोडतात आणि वर्षात परत येतात. चार आठवड्यांत हललंच नाही आणि गोळी खरोखर रिकाम्या पोटी, चहा-दुधापासून दूर घेतली होती, तर मग ताटाकडे बघत बसू नका. पोटात एच. पायलोरीचा संसर्ग आहे का, गव्हाचा त्रास म्हणजे सिलिॲक आहे का, रक्त कुठून जातंय का, हे डॉक्टरांनी शोधायचं. फेरिटिन ७ असल्यामुळे लोहाची कमतरता पक्की आहे, पण तुमच्या रिपोर्टमध्ये एमसीव्ही, म्हणजे लाल पेशींचा सरासरी आकार, फार कमी आणि लाल पेशींची संख्या मात्र भरपूर असेल तर जोडीला थॅलेसेमिया मायनर आहे का तेही विचारून घ्या. तो असेल तर लोह भरल्यावरही आकडा पूर्ण वर येत नाही, आणि मग उगाच गोळ्या वाढवत राहतात.

तुमच्या गोळीच्या पाकिटावर "एलिमेंटल आयर्न" किती मिलिग्रॅम लिहिलंय आणि पाळीचे दिवस किती, एवढं इथे कळवा. मग दिवसाआडचं विचारायला डॉक्टरांकडे जाताना काय काय लिहून न्यायचं ते सांगते.